पंधरा कार्टन, सहाशे पेनं आणि एक जुना आकडा

घाऊक स्टेशनरीवाल्यांची दिवाळी जूनमध्ये येते. १५ जूनच्या आसपास शाळा उघडतात, आणि त्याआधीचे तीन आठवडे दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मी पुण्यात अशा दोन-तीन दुकानांचा स्टॉक बघतो. कॉम्प्युटरमध्ये दिसणारा माल आणि मांडणीवर असलेला माल यांची गाठ घालून देणं, एवढंच माझं काम. मागे एका दुकानात जूनअखेरच्या मोजदादीत एका जेल पेनचा घोळ निघाला. कॉम्प्युटर म्हणत होता १,२०० नग शिल्लक, मांडणीवर निघाले बरोबर ६००. शेठनी काउंटरवरच्या पोरांकडे पाहिलं, पोरांनी गोदामातल्या मामांकडे. मामा शांतपणे म्हणाले, "सहाशे पेनं खिशातनं जात नाहीत शेठ. पोतं लागतं."

चोरी झालीच नव्हती. ती सहाशे पेनं दुकानात कधी आलीच नव्हती. ती कशी "आली" हे समजून घेतलं की कार्टनमध्ये घेऊन, बॉक्समध्ये ठेवून, सुट्या नगांवर विकायच्या मालाचा सगळा हिशेब समजतो.

आधी शब्द ठरवून घेऊ, कारण निम्मा गोंधळ तिथेच असतो. गोदामात ज्याला कार्टन म्हणतात त्यालाच गावाकडचा दुकानदार फोनवर "बॉक्स" म्हणतो, आणि आतल्या छोट्या बॉक्सला "पाकीट" किंवा "डबी". त्याने "दोन बॉक्स टाका" म्हटलं की आपण चाळीस पेनं पाठवतो आणि तो चारशे ऐंशीची वाट बघत बसतो. या लेखात कार्टन म्हणजे कंपनीकडून येणारा मोठा पुठ्ठ्याचा खोका, बॉक्स म्हणजे त्यातला छोटा, आणि नग म्हणजे एक पेन. आपल्या पेनच्या एका बॉक्समध्ये २० नग आणि एका कार्टनमध्ये १२ बॉक्स, म्हणजे २४० नग. हे जे २० आणि २४० आहेत, त्यांना सॉफ्टवेअरवाले कन्व्हर्जन फॅक्टर म्हणतात. मी गुणक म्हणेन.

डझन आणि बॉक्स ही एका जातीची एककं नाहीत

डझन म्हणजे बारा. केळी असोत, पेन्सिली असोत, बाराच. ग्रोस म्हणजे १४४. ही मापं वस्तूवर अवलंबून नाहीत. बॉक्सचं तसं नाही. या पेनचा बॉक्स वीसचा, त्या पेनचा दहाचा, खोडरबराचा आणखी वेगळा. बॉक्स हे माप नाहीच, ते भांडं आहे. "एक भांडं तांदूळ किती?" या प्रश्नाला "कुणाच्या घरचं भांडं?" असा उलट प्रश्न विचारावा लागतो, तसंच हे.

म्हणून गुणक नेहमी वस्तूला चिकटलेला हवा, "बॉक्स" या शब्दाला नाही. टॅलीत हा फरक उघड दिसतो. तिथे जोडएकक बनवता येतं, उदाहरणार्थ "डझन म्हणजे १२ नग", आणि ते वेगळं एकक म्हणून कुठल्याही वस्तूला लावता येतं. डझनासाठी ते अगदी योग्य. दुसरी सोय आहे पर्यायी एककाची: ती त्या-त्या वस्तूच्या पानावर भरायची असते आणि गुणकही तिथेच लिहायचा असतो. बॉक्ससाठी ही दुसरी वाट बरी. नाहीतर "२० चा बॉक्स" म्हणून बनवलेलं एकक घाईत दहाच्या बॉक्सवाल्या पेनला लागतं आणि त्याचा स्टॉक कागदावर दुप्पट होतो.

कधीकधी तर मापालाही काळ बाधतो. जुन्या हिशेबात कागदाचा दस्ता २४ तावांचा आणि २० दस्त्यांचा रीम, म्हणजे ४८०. आज फोटोकॉपीच्या कागदाचा रीम ५०० चा. शब्द तोच, आकडा वेगळा. एका जुन्या दुकानातले दिवाणजी अजून तोंडी हिशेबात २४ नेच गुणतात.

हिशेब नगांतच ठेवायचा

आता पहिला मोठा निर्णय: कॉम्प्युटरने स्टॉक कशात धरायचा? आपण कार्टनमध्ये विकत घेतो म्हणून कार्टनमध्ये, की मांडणीवर बॉक्स असतात म्हणून बॉक्समध्ये? दोन्ही नाही. आपण विकतो ते सगळ्यात छोटं एकक मूळ धरायचं, म्हणजे नग. कार्टन आणि बॉक्स हे फक्त लिहिण्याचे आणि दाखवण्याचे मार्ग.

याचं कारण अपूर्णांकात आहे. समजा स्टॉक कार्टनमध्ये धरला. एक पेन विकलं की १/२४० कार्टन कमी व्हायला हवं. १/२४० म्हणजे ०.००४१६६६… आणि पुढे सहाच सहा. सॉफ्टवेअर तीन दशांश स्थळं धरत असेल तर ते ०.००४ वजा करेल. एक-एक करून २४० पेनं विकली, खोका रिकामा झाला, पण कागदावर वजा झालं २४० × ०.००४ = ०.९६ कार्टन. उरलं ०.०४ कार्टन, म्हणजे ९.६ पेनं, जी जगात कुठेच नाहीत. सॉफ्टवेअर दोनच दशांश स्थळं धरत असेल तर आणखी मजा: ०.००४ चे ०.०० होतात, आणि दिवसभर सुटी पेनं विकली तरी स्टॉक जागचा हलत नाही. उलट नग मूळ धरला की सगळी बेरीज-वजाबाकी पूर्णांकात होते. एक कार्टन आलं, अधिक २४०. एक बॉक्स गेला, वजा २०. एक पेन गेलं, वजा १. गुणाकारात काही सांडत नाही, जे सांडतं ते भागाकारात.

मोठ्या सॉफ्टवेअरमध्येही हीच धास्ती दिसते. सॅपमध्ये गुणक एका दशांश आकड्यात न ठेवता अंश आणि छेद असे दोन आकडे म्हणून ठेवतात. १/१२ हे १ आणि १२ असंच राहतं, ०.०८३ होत नाही.

फक्त एक सावधगिरी. "सगळ्यात छोटं" म्हणजे आपण विकतो त्यातलं छोटं, जगातलं नव्हे. A4 कागदाचे रीमच विकणाऱ्याने ताव मूळ धरून ५०० ने गुणत बसू नये. पण पुढेमागे सुटं विकणार असाल तर आजच विचार करा, कारण एकदा नोंदी पडल्या की बहुतेक सॉफ्टवेअर मूळ एकक बदलू देत नाहीत. इआरपीनेक्स्ट तर सरळ सांगतं की त्यासाठी नवी वस्तू बनवा.

आता कुणी म्हणेल, शेठना "२,९५३ नग" दाखवून काय उपयोग, त्यांना किती खोकी आहेत ते हवं. खरं आहे, पण ते दाखवण्याचं काम झालं. २,९५३ ला २४० ने भागा: १२ कार्टन, ७३ उरले. ७३ ला २० ने भागा: ३ बॉक्स, १३ सुटे. एक्सेलमध्ये B2 मध्ये नग असतील तर तीन रकान्यांत तीन सूत्रं:

```
=QUOTIENT(B2,240)
=QUOTIENT(MOD(B2,240),20)
=MOD(B2,20)
```

हे आकडे शेजारी लिहिताना मात्र टिंब वापरायचं नाही. हा सापळा क्रिकेट बघणाऱ्या माणसाला एका वाक्यात कळतो. फलकावर ४.३ षटकं असतात तेव्हा साडेचार षटकं झालेली असतात, चार पूर्णांक तीन दशांश नव्हे. तसंच मामा चिठ्ठीवर "५.३ बॉक्स" लिहितात तेव्हा त्यांना पाच बॉक्स आणि तीन सुटे म्हणायचं असतं, म्हणजे १०३ नग. कॉम्प्युटरवर बसलेली मुलगी ५.३ टाइप करते आणि कॉम्प्युटर ५.३ × २० = १०६ धरतो. तीन पेनांचा फरक. छोटा आहे, म्हणूनच तो वर्षभर कुणाला दिसत नाही. आमच्याकडे आता चिठ्ठीवर "५ बॉ. ३ सु." असं लिहितात.

आता ती सहाशे पेनं

मे महिन्यात कंपनीने पॅकिंग बदललं. बॉक्स वीसचाच राहिला, पण कार्टनमध्ये १२ ऐवजी १० बॉक्स. म्हणजे २४० ऐवजी २०० नग. खोका जरा आखूड झाला, पण बाहेरचा रंग, चित्र, नाव सगळं तेच. भावही बदलला: आधी कार्टनला १,६८० रुपये पडायचे, आता १,४४०. जुना माल संपलेला होता, नवे १५ कार्टन आले, बिल २१,६०० रुपयांचं.

माल आला तेव्हा मुलाने कार्टनवरचा बारकोड स्कॅन केला. कॉम्प्युटर म्हणाला, सापडत नाही. इथे थोडं थांबून बारकोडाबद्दल सांगायला हवं. पेनवर जो बारकोड असतो तो १३ आकडी, भारतात नोंदवलेला असेल तर ८९० ने सुरू होणारा. कार्टनवर साधारणपणे १४ आकडी असतो. त्याचा पहिला आकडा पॅकिंगची पातळी वेगळी दाखवतो, मधले आकडे बहुधा पेनच्याच क्रमांकातले असतात, आणि शेवटचा पडताळणीचा. त्या १४ आकड्यांत "आत २४० आहेत" असं कुठेही लिहिलेलं नसतं. तो फक्त एक क्रमांक, आत किती ते आपल्याच कॉम्प्युटरने लक्षात ठेवायचं. आणि बारकोडाचे नियम ठरवणाऱ्या जीएसवन या संस्थेचा नियम असा, की कार्टनमधली नगांची संख्या बदलली तर कार्टनला नवा क्रमांक द्यायचा. कंपनीने तो दिला होता. म्हणजे "सापडत नाही" हा बिघाड नव्हताच, ती घंटा होती: हा खोका तुझ्या ओळखीचा नाही, उघडून बघ.

मुलाला ते कसं कळणार? घाई होती, मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. त्याने नवा बारकोड जुन्याच "कार्टन, २४०" या एककाला जोडून टाकला आणि आवक भरली: १५ कार्टन. कॉम्प्युटरने १५ × २४० = ३,६०० नग जमा केले. खोक्यांत होते १५ × २०० = ३,०००.

इथून पुढे घोळ स्टॉकपुरता राहत नाही, भावात शिरतो. कॉम्प्युटरने २१,६०० ला ३,६०० ने भागलं आणि खरेदीचा भाव दाखवला सहा रुपये. खरा भाव २१,६०० भागिले ३,०००, म्हणजे सात रुपये वीस पैसे. आधीचा भाव होता सात रुपये (१,६८० भागिले २४०). म्हणजे पेन प्रत्यक्षात वीस पैशांनी महागलं होतं, आणि पडद्यावर रुपयाने स्वस्त झालेलं दिसत होतं. शेठना त्यात काही खटकलं नाही, कारण कार्टनचा भावही १,६८० वरून १,४४० वर आलेला त्यांनी बिलात पाहिला होता. दोन्ही आकडे एकाच दिशेने खोटं सांगत होते. त्या भरात त्यांनी एका शाळेला हजार पेनं सात रुपयांनी दिली. कागदावर हजार रुपये नफा. प्रत्यक्षात दर पेनमागे वीस पैसे तोटा, दोनशे रुपये पदरचे.

जूनअखेरपर्यंत एकूण २,४०० पेनं विकली गेली. कॉम्प्युटरमध्ये राहिली १,२००, मांडणीवर ६००.

फरकाचा आकडा बोलतो

जुन्या हिशेबनिसांना एक खूण माहीत असते: जमाखर्चाचा फरक नऊने नि:शेष भागला जात असेल तर दोन आकडे उलटेपालटे लिहिले गेले असण्याची शक्यता आधी बघा, ४५ चे ५४ झालेत का ते. एककांच्या चुकांनाही तशीच खूण असते, आणि ती वापरणारी माणसं मला फार कमी भेटली आहेत.

चूक एककाची असेल तर फरक मनाला येईल तसा निघत नाही, ठरावीक आकड्याच्या पटीतच निघतो. बॉक्स दिला आणि बिलात एक नग लागला, तर २० गेले आणि १ वजा झाला: कॉम्प्युटर १९ ने जास्त दाखवणार. कार्टन दिला आणि बॉक्स लागला, तर २४० गेले, २० वजा झाले, फरक २२०. कार्टन देऊन नग लागला तर २३९. आणि गुणकच जुना असेल तर फरक येतो जुना वजा नवा, गुणिले आलेले कार्टन. आपल्या बाबतीत ४० च्या पटीत.

मी ६०० हा आकडा पाहिला आणि भागत गेलो. १९ ने भाग जात नाही, ११ उरतात. २२० ने नाही, २३९ ने नाही. ४० ने जातो, बरोबर १५ वेळा. आणि आवकीत शेवटचे कार्टन किती? पंधरा. तेव्हाच मला खात्री वाटली, तरी ती पुरेशी नव्हती. कारण ६०० ला २० नेही भाग जातो, तीस बॉक्स कुणी खरंच उचलून नेले असते तरी हाच आकडा आला असता. भागाकार फक्त कुठे शोधायचं ते सांगतो. पुरावा मांडणीवर होता: मामांनी न फोडलेला एक खोका उतरवला, त्याच्या बाजूवर छापलेलं होतं "20 N x 10". आवेष्टित मालावर संख्या लिहिताना N किंवा U ही खूण वापरतात, नग या अर्थाने. मामांनी खोका हातात तोलला आणि म्हणाले, "मला वाटलंच होतं हलका लागतोय. पण विचारलं कुणी?"

एकोणीसच्या पटीतला फरक मात्र वेगळ्याच जागी सापडतो, काउंटरवर. या पेनचा बॉक्स पारदर्शक प्लॅस्टिकचा आहे. बॉक्सचा बारकोड तळाशी, आणि आतल्या पेनांचे बारकोड बाजूने दिसतात. घाईत स्कॅनर बाजूने फिरवला की तो आतल्या एका पेनचा कोड वाचतो, टिक् आवाज येतो, पोरगा बॉक्स पिशवीत टाकतो. गिऱ्हाईक १६० रुपयांचा बॉक्स दहा रुपयांत घेऊन जातं. दुसऱ्या एका दुकानात मला ५७ चा फरक दिसला, म्हणजे तीन बॉक्स. त्या महिन्यातली एका-एका पेनची बिलं काढली, तर तीन नेहमीच्या किरकोळ दुकानदारांच्या नावावर प्रत्येकी एक पेन निघालं. जो दुकानदार कधी बॉक्सखाली घेत नाही तो एक पेन घ्यायला कशाला येईल? त्यानंतर तिथे बॉक्सच्या बाजूवर कागदी पट्टी चिकटवायला लागले.

या खुणेची मर्यादाही सांगून ठेवतो. वर्षातून एकदाच मोजदाद केली तर चार प्रकारच्या चुका एकमेकींत मिसळतात, त्यातली एखादी उलट दिशेची असते, आणि बेरजेतून काहीच वाचता येत नाही. जास्त खपाच्या वीस-पंचवीस वस्तू आठवड्याला मोजल्या तरच आकडा बोलतो.

दुरुस्ती करताना

सहाशेचा उलगडा झाल्यावर शेठ म्हणाले, "मग काय, सहाशे वजा टाका आणि मोकळे व्हा." बहुतेक ठिकाणी हेच होतं: घट दाखवायची आणि स्टॉक जुळवायचा. पण त्याने नग जुळतात, पैसे जुळत नाहीत. सहाशे नग सहा रुपयांनी घट म्हणून टाकले की ३,६०० रुपयांचं नुकसान दिसतं, जे झालेलंच नाही. उरलेल्या सहाशे पेनांचा भाव सहाच राहतो, म्हणजे पुढचं गिऱ्हाईकही सातमध्ये घेऊन जाणार. आणि शाळेची ऑर्डर कायमची नफ्यात दिसत राहणार.

खरी दुरुस्ती जिथे चूक झाली तिथे करायची. आवकीची ती नोंद उघडून १५ कार्टन तसेच ठेवायचे, गुणक २४० चा २०० करायचा. नग ३,००० होतात, भाव ७.२० होतो, विकलेल्या २,४०० पेनांची किंमत १४,४०० वरून १७,२८० वर जाते, आणि उरलेली सहाशे पेनं ४,३२० रुपयांची दिसतात. १७,२८० आणि ४,३२० मिळून २१,६००, बिलाची रक्कम. ही बेरीज जुळली की समजायचं, काम झालं.

पण हे करताना दुसरा खड्डा आहे, आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. सुरुवातीच्या काळात एका दुकानाचा स्टॉक मी एक्सेलमध्ये ठेवायचो. वस्तूंची एक यादी, तिच्यात प्रत्येकाचा गुणक, आणि आवकीच्या पानावर सूत्र: कार्टन गुणिले यादीतला गुणक. पॅकिंग बदललं तसा मी यादीत २४० खोडून २०० केलं. नवी आवक बरोबर आली, आणि त्याच क्षणी मागच्या वर्षभरातली प्रत्येक आवक मागे जाऊन बदलली. आधीचे तीस कार्टन २४० चेच आले होते, तेही २०० चे झाले. १,२०० नग इतिहासातूनच पुसले गेले, आणि स्टॉक उणे दिसायला लागला.

म्हणून गुणक दोन जागी राहतो, असं समजा. वस्तूच्या पानावरचा गुणक फक्त सुचवण्यापुरता, उद्याच्या नोंदीसाठी. आणि प्रत्येक नोंदीच्या ओळीत त्या दिवशीचा गुणक व त्यातून निघालेले नग कायमचे लिहिलेले, यादी बदलली तरी न हलणारे. इआरपीनेक्स्टमध्ये खरेदीच्या प्रत्येक ओळीत `conversion_factor` आणि `stock_qty` असे दोन रकाने वेगळे असतात ते याचसाठी. एक्सेलमध्ये करायचं तर गुणकाचा रकाना सूत्राने न आणता हाताने टाइप करा. कंटाळा येतो, पण खोका बघितल्याशिवाय आकडा टाकता येत नाही, हा त्याचा फायदाच.

पैशांच्या बाबतीतही हाच धडा वेगळ्या वेशात येतो. ग्रोसवर घेतलेली खोडरबरं समजा ५०० रुपयांना १४४. एकाचा भाव ३.४७२२… तुम्ही ३.४७ लिहून ठेवला आणि पुन्हा १४४ ने गुणलं तर ४९९.६८ येतात, बत्तीस पैसे हरवले. एका ग्रोसला काहीच नाही, पण पुरवठादाराच्या खात्याशी ताळा करताना हेच पैसे डोकं खातात. रक्कम बिलातली खरी धरायची, नगाचा भाव तिच्यातून काढलेला. उलट कधी करायचं नाही.

योजनेचा माल हा असाच एक मोह. "दहा बॉक्सवर एक फुकट" आली की कुणीतरी हुशारीने कार्टनचा गुणकच वाढवून ठेवतो. योजना महिन्याने संपते, गुणक तसाच राहतो. फुकटचा बॉक्स वेगळ्या ओळीत, शून्य रकमेने, २० नग म्हणून घ्या. सरासरी भाव आपोआप खाली येतो.

आणि जीएसटीचं एवढंच: जीएसटीआर-१ मधल्या एचएसएनच्या तक्त्यात संख्येबरोबर ठरलेला एककाचा कोड लागतो, नगाला PCS किंवा NOS, बॉक्सला BOX, कार्टनला CTN. विक्रीची काही बिलं BOX मध्ये आणि काही PCS मध्ये असली तर एकाच पेनच्या दोन ओळी पडतात आणि त्यांची बेरीज कशाशीच जुळत नाही. बिलावर गिऱ्हाईकाला हवं ते छापा, तक्त्यात मात्र सगळं नगांत जाऊ द्या.

त्या दुकानात आता आवकीच्या वेळी मुलगा खोका स्कॅन करतो आणि मामा बाजूची छपाई मोठ्याने वाचतात: "वीस दाहे दोनशे." पडद्यावर दोनशेच आले तर खोका आत. "सापडत नाही" आलं तर खोका दाराशीच फोडायचा, बॉक्स मोजायचे, एक बॉक्स उघडून पेनं मोजायची, आणि मग नवा बारकोड नव्या एककाला जोडायचा, जुन्याला नाही. कार्टनचं नाव नुसतं "कार्टन" न ठेवता "कार्टन-२००" ठेवलं आहे, म्हणजे जुना २४० चा एखादा खोका कुठूनतरी परत आला तर दोघं शेजारी वेगळे दिसतात. तसा एक परत आलाही, ऑगस्टमध्ये, एका दुकानदाराकडून. मामांनी तो उचलला, तोलला आणि स्कॅनरची वाट न बघता म्हणाले, "हा जुना."